मधुमेहात एलडीएलचा रिपोर्ट वाचताना आणि औषध ठरवताना या चुका टाळा

टाइप २ मधुमेह असलेल्या माणसाच्या रिपोर्टवर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ९८ आलं, शेजारी छापलेल्या मर्यादेत ते बसलं, की कागद घडी घालून फाइलमध्ये जातो. इथंच पहिली चूक होते. ती छापील मर्यादा सर्वसाधारण निरोगी माणसासाठी असते. तुम्हाला मधुमेह आहे की नाही, किती वर्षं आहे, मूत्रपिंडावर परिणाम झालाय का, यातलं लॅबला काहीच माहीत नसतं.

मधुमेहात एलडीएल किती असावं हे बाकीच्या धोक्यावरून ठरतं. मधुमेह दहा वर्षांहून जुना असेल, किंवा जोडीला रक्तदाब, धूम्रपान असं काही असेल, तर ७० च्या खाली. हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल, तर ५५ च्या खाली. (सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.) वय कमी, मधुमेह नवा आणि दुसरा धोका नाही, अशांना १०० च्या खाली चालतं. पहिल्या दोन गटांत आणखी एक अट असते आणि ती बहुतेक वेळा विसरली जाते: उपचाराआधीच्या आकड्यापेक्षा एलडीएल निदान निम्म्यावर यायला हवं.

एवढी कडक मर्यादा कशासाठी?

इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, तेव्हा चरबीच्या पेशींतून स्निग्धाम्लं सुटून यकृताकडे जातात. यकृत त्यांचे ट्रायग्लिसराइड या चरबीने भरलेले कण बनवून रक्तात सोडतं. हे कण एलडीएलशी देवाणघेवाण करतात: ट्रायग्लिसराइड देतात, कोलेस्टेरॉल घेतात. नंतर एंझाइम ते ट्रायग्लिसराइड काढून घेतात आणि एलडीएलचा कण आक्रसून लहान, घट्ट होतो. असे कण धमनीच्या भिंतीत सहज शिरतात, तिथं जास्त वेळ अडकतात आणि लवकर ऑक्सिडाइज होतात.

आता रिपोर्टमधला एलडीएलचा आकडा म्हणजे काय, तर त्या कणांत भरलेलं कोलेस्टेरॉल. गाड्या किती हे तो सांगत नाही, माल किती एवढंच सांगतो. प्रत्येक गाडीत माल कमी असेल, तर तेवढाच माल वाहायला गाड्या जास्त लागतात, आणि धमनीत घुसते ती गाडी. म्हणून मधुमेहातलं १०० आणि मधुमेह नसताना १०० हे सारखं धरू नये.

दुसरं कारण सरळ आहे. मधुमेहात मुळातला धोकाच मोठा, त्यामुळे एलडीएल तेवढंच उतरवलं तरी जास्त माणसांचा अटॅक टळतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कार्ड्‌स चाचणीत हृदयविकार नसलेल्या, एलडीएल फारसं वाढलेलं नसलेल्या टाइप २ च्या रुग्णांना ॲटोरव्हास्टॅटिन हे एलडीएल उतरवणारं स्टॅटिन गटातलं औषध १० मिलिग्रॅम दिलं होतं. हृदय आणि मेंदूच्या मोठ्या घटना त्यांच्यात ३७ टक्क्यांनी कमी झाल्या.

फक्त एलडीएल बघू नका

बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. ट्रायग्लिसराइड जास्त असेल तेव्हा हा हिशोब एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, आणि ४०० च्या वर तर वापरूच नये. मधुमेहात ट्रायग्लिसराइड चढलेलं असणं नेहमीचं. म्हणून एकूण कोलेस्टेरॉलमधून फक्त एचडीएल वजा करा. हा झाला नॉन-एचडीएल. याची मर्यादा एलडीएलपेक्षा ३० ने वर धरायची: एलडीएल ७० हवं असेल तर नॉन-एचडीएल १०० च्या खाली. यात ट्रायग्लिसराइड वाहणारे घातक कणही धरले जातात आणि वेगळी तपासणी लागत नाही. कणांचीच संख्या हवी असेल तर ॲपो-बी तपासतात.

डोस दुप्पट, अपेक्षाही दुप्पट: ही चूक सगळ्यात महागात पडते

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. वय ५४, मधुमेह १२ वर्षं, रक्तदाबाची गोळी चालू, हृदयविकार नाही. उपचाराआधी एकूण कोलेस्टेरॉल २२२, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २६०. एलडीएल येतं २२२ − ३८ − ५२ = १३२. म्हणजे अटी दोन: ७० च्या खाली, आणि १३२ च्या निम्मं, म्हणजे ६६ किंवा कमी. नॉन-एचडीएलही १०० च्या खाली.

ॲटोरव्हास्टॅटिन २० सुरू केलं. आठ आठवड्यांनी एकूण १४८, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड १६५. एलडीएल ७५, नॉन-एचडीएल १०८. घट ४३ टक्के. चांगली, पण पुरेशी नाही.

इथं सवयीने डोस ४० केला जातो. पण स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की मूळ आकड्याच्या साधारण सहा टक्केच जास्त घट मिळते. १३२ चे सहा टक्के म्हणजे आठ, एलडीएल ६७ च्या आसपास. निम्म्याची अट थोडक्यात हुकते आणि नॉन-एचडीएल १०० वरच घुटमळतं. त्याऐवजी २० तसंच ठेवून एझेटिमाइब १० जोडलं, तर ७५ मधून सुमारे पाचवा भाग जातो आणि एलडीएल ६० वर येतं. नॉन-एचडीएल ९३. स्टॅटिन यकृतातली निर्मिती अडवतं, एझेटिमाइब आतड्यातलं शोषण. दोन वेगळ्या वाटा बंद होतात, म्हणून जोडी भारी पडते. मर्यादा ५५ ची असेल तर सुरुवातच ॲटोरव्हास्टॅटिन ४०–८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २०–४० ने करतात, मग एझेटिमाइब, आणि तरीही उरलं तर पीसीएसके९ हे प्रथिन रोखणारं इंजेक्शन. मूत्रपिंड फार कमजोर असेल तर रोसुव्हास्टॅटिनचा डोस मर्यादित ठेवावा लागतो.

हा सगळा हिशोब १३२ माहीत होतं म्हणून जमला. पहिला रिपोर्ट हरवू नका. तो नसेल तर निम्मं झालं की नाही हे कुणालाच सांगता येणार नाही.

आकडा उतरत नसेल तर

औषध सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांत तपासणी करा. अपेक्षित घट दिसली नाही, तर आधी चुकलेल्या गोळ्या मोजा. नंतर थायरॉइड तपासा, कारण थायरॉइड कमी असेल तर एलडीएल चढं राहतं आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यताही वाढते. लघवीतून खूप प्रथिनं जात असतील तरीही एलडीएल हटत नाही.

आकडा ६० वर आला की ‘आता बरं झालं’ म्हणून गोळी बंद करणं ही आणखी एक नेहमीची चूक. गोळी थांबली की काही आठवड्यांत एलडीएल परत १३० च्या घरात. साखर वाढेल म्हणूनही ती सोडू नका. स्टॅटिनने साखर किंचित वाढते, ती मधुमेहाच्या औषधात थोडा बदल करून सावरता येते. दोन्ही मांड्या किंवा दोन्ही खांदे दुखायला लागले तर डॉक्टरांना सांगा; डोस कमी करून किंवा दुसरं स्टॅटिन देऊन बहुतेकांचं निभतं. लघवी गडद तपकिरी झाली, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. गर्भधारणेचा विचार असेल तर तो आधी सांगा, म्हणजे स्टॅटिन वेळेत थांबवता येतं. ट्रायग्लिसराइडसाठी जेमफायब्रोझिल चालू असेल तर तेही सांगा. स्टॅटिनसोबत ते घेतलं की स्नायूंना इजा होण्याचा धोका बराच वाढतो.