दुपारी एक वाजता खोली बघून डिपॉझिट देऊ नका

मी परभणी जिल्ह्यातला. 2013 साली शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला लागलो आणि कोल्हापूरचा झालो. आता आमच्या भागातून कुणी इकडं नोकरीला आलं की खोली बघायला मला सोबत नेतात, म्हणून हे एकदाच सविस्तर लिहितो.

पहिली खोली मी दुपारी एकला बघितली. एजंटला तीच वेळ सोयीची होती. गल्ली शांत, दुकानांची शटर अर्धी ओढलेली, घरात उजेड भरपूर. मला वाटलं, यापेक्षा चांगलं काय मिळणार? संध्याकाळपर्यंत डिपॉझिट दिलं. नंतर कळलं की त्या गल्लीत नळ पहाटे पाच वाजता येतो आणि सव्वासहाला जातो. माझी दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. घरी येऊन जेवून झोपायला एक वाजायचा. चार तासांनी उठून पाणी भरायचं, नाहीतर दिवसभर कोरडं राहायचं. त्यात मालक रात्री दहाला गेटला कुलूप लावायचे. रोज रात्री साडेअकराला मी गेट वाजवायचो, त्यांच्या सुनेला उठून यायला लागायचं. माणसं वाईट नव्हती. त्यांच्या घराचं वेळापत्रक वेगळं होतं आणि माझं वेगळं. तीन महिन्यांत मी खोली सोडली.

तेव्हापासून मी खोलीच्या आधी माणसाची पाळी विचारतो. कागदावर तुमचा दिवस लिहा: कधी झोपणार, कधी उठणार, कधी दाराशी पोचणार. त्या वेळांना ती गल्ली कशी असते, हे बघायचं. बाकीच्या वेळी ती कशीही असो.

गेल्या वर्षी माझ्या आतेभावासाठी आम्ही दोन जागा बघितल्या. एक शाहूपुरीत, स्टँडजवळच्या जुन्या गल्लीत. दुसरी राजारामपुरीच्या वर सागरमाळाकडं. तोही शिरोलीलाच लागलेला, पहिली आणि दुसरी पाळी आलटून पालटून. सोबत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. शाहूपुरीची जागा त्याला मनापासून आवडली होती. सगळं हाताशी, भाडंही कमी.

आम्ही पहिली फेरी पाण्याच्या वेळेला केली. कोल्हापुरात नळाची वेळ भागाभागाप्रमाणे वेगळी असते, म्हणून आदल्या दिवशी शेजारच्या चहावाल्याला विचारून घेतलं. मालकाला विचारलं तर "चोवीस तास पाणी" असं उत्तर येतं, कारण टाकीला नळ असतोच. त्या टाकीत पाणी किती पडतं, हा खरा प्रश्न. चहावाला म्हणाला, "साडेपाचला सुटतंय बघा. पण मोटारी चालू झाल्या की धार बारीक. लवकर येऊन बघा की."

आम्ही सव्वापाचला गेलो. मालकांना आधी सांगून ठेवलं होतं, कारण पहाटे परक्या गल्लीत दोन माणसं उभी राहिली की लोक विचारणारच. "कुणाकडं आलाय?" असा प्रश्न आला की सरळ सांगायचं, खोली बघायला आलोय. मग तीच माणसं तुम्हाला गल्लीची सगळी माहिती देतात.

पंधरा लिटरची बादली घेऊन गेलो होतो. साडेपाचला पाणी आलं, सुरुवातीला जरा गढूळ, मग स्वच्छ. पहिली बादली चाळीस सेकंदांत भरली. आतेभाऊ खूश झाला. मी म्हटलं, थांब. पावणेसहाला शेजारच्या घरातून मोटारीचा आवाज सुरू झाला, मग पलीकडून आणखी दोन. लोक नळाच्या लाइनला थेट मोटार जोडतात आणि पाणी ओढून घेतात, त्यामुळं ज्याला मोटार नाही त्याच्या नळाची धार बसते. आमच्या डोळ्यांदेखत नळाची धार करंगळीएवढी झाली. आता बादलीला दीड मिनिट लागायला लागला. पावणेसातला पाणी गेलं.

तिथंच पायरीवर बसून हिशेब केला. पहिली पंधरा मिनिटं चाळीस सेकंदांनी एक बादली, म्हणजे साधारण बावीस बादल्या. पुढचा तासभर दीड मिनिटाला एक, म्हणजे चाळीस. एकूण बासष्ट बादल्या, नऊशेतीस लिटर. त्या इमारतीत मालक आणि तीन भाडेकरू धरून चौदा माणसं. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर धरतात, म्हणजे हवं होतं जवळपास अठराशेनव्वद. नळाचं पाणी निम्मंच. उरलेलं कुठून येतं असं विचारल्यावर मालकांनी मागं बोअर दाखवला. बोअर असणं वाईट नाही, वापराला तो चालतो. पण एप्रिल-मेमध्ये त्याचं पाणी टिकतं का, हे वरच्या मजल्यावरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात जरा ओढाताण हुतीया." आम्हाला कळायचं ते कळलं. धार नेहमी एकदा सुरुवातीला आणि एकदा वीस मिनिटांनी मोजा. पहिल्या पाच मिनिटांचं पाणी बघून हो म्हणणारे नंतर पस्तावतात. पाणी एक दिवसाआड असेल तर हिशेब दोन दिवसांच्या गरजेचा करायचा.

दुसरी फेरी रात्री साडेअकराला, म्हणजे दुसरी पाळी सुटल्यावर आतेभाऊ जसा येणार तशी. शिरोलीहून तावडे हॉटेलच्या चौकातून गाडीवर आलो. मोठा रस्ता सोडून गल्लीत वळलो तिथून दारापर्यंत मोबाइलची बॅटरी न लावता चालत गेलो. खांबावरचे दिवे लागलेत का, कुत्री कुठल्या कोपऱ्यावर बसतात, एवढंच बघायचं. शाहूपुरीत उजेड चांगला होता, माणसंही जागी होती. पण गाडी लावायला जागा नव्हती. दिवसा गेलात तर गल्ली मोकळी दिसते, कारण गाड्या कामावर गेलेल्या असतात. रात्री अकरानंतर किंवा पहाटे सहाच्या आत गेलात तरच गाड्यांची खरी गर्दी कळते. आम्ही मोजलं तर त्या इमारतीसमोर आठ दुचाकी आणि एक चारचाकी, जागा सहाचीच. नववी दुचाकी रोज कुणाच्या तरी दारात लावायची आणि सकाळी त्यावरून बोलणं ऐकायचं. गेट कधी बंद होतं आणि किल्ली भाडेकरूला मिळते का, हे याच फेरीत विचारा. भाडेकरारात ते कुणी लिहीत नाही.

संध्याकाळी सात ते नऊच्या फेरीबद्दल थोडंच सांगतो. आवाज आणि गर्दी तेव्हा कळते. जवळ मंगल कार्यालय असेल तर लग्नसराईतलीच संध्याकाळ निवडा. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आहे, पण दहापर्यंतचा आवाज तुमच्या लहान मुलाला सोसेल का, हे तुम्हीच ठरवायचं. पेठांत राहणार असाल तर तालमीच्या जवळपासची संध्याकाळ जरूर बघा. मला स्वतःला पेठेतली माणसं फार आवडतात. अडीअडचणीला आख्खी गल्ली धावून येते. पण गणपतीच्या दिवसांत तिथं शांत झोपेची अपेक्षा धरू नये. गंगावेशीत खोली असेल तर रात्री दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून दूध मिळतं. वर्दळ असते, पण माझ्या आतेबहिणीचा मुलगा त्या दुधावरच गुटगुटीत झाला.

तिसऱ्या पाळीच्या माणसांनी मात्र सकाळी अकराची फेरी चुकवू नये. रात्री अकरा ते सकाळी सात काम केलं की झोप सकाळी नऊ ते दुपारी तीनमध्येच होते. उद्यमनगरच्या आसपास घर असेल तर त्याच वेळी वर्कशॉपमध्ये ग्राइंडर चालतो. रविवारी बघायला गेलात तर शटर बंद असतात आणि जागा शांत वाटते. माझ्या एका सहकाऱ्याची अशीच फसगत झाली, डोळ्यांवर रुमाल बांधून सहा महिने काढले त्यानं.

एक गोष्ट मात्र दिवसाच्या कुठल्याच फेरीत दिसत नाही, ती म्हणजे पूर. तो ऋतूनं येतो. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटात मोजतात, 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका. 2019 आणि 2021 ला पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. शाहूपुरीतल्या काही गल्ल्यांत पाणी शिरतं, काहींत नाही, म्हणून भागाच्या नावावर जाऊ नका. किराणावाल्याला उभं राहून विचारा, "एकोणीसला पाणी इथं कुठवर आलं होतं?" जुना माणूस हातानं भिंतीवर दाखवतो. आम्हाला दुकानदारानं काउंटरच्या वरच्या कडेला बोट लावून दाखवलं. मग आमचंही लक्ष गेलं, त्याच्या दुकानातला लाइटचा मीटर डोक्याच्या वर बसवलेला होता. तळमजल्यावरचे मीटर आणि बोर्ड असे उंच चढवलेले दिसले की समजून घ्यायचं. शिरोलीला कामाला असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. मोठ्या पुरात तिथं हायवेवरच पाणी येतं आणि रस्ता बंद होतो, 2019 ला झाला आणि 2021 लाही. तुमचं घर माळावर कोरडं असलं तरी कामावर जाता येत नाही. त्यासाठी घर बदलून उपयोग नाही, सुट्ट्या राखून ठेवायच्या.

सागरमाळाच्या जागेलाही आम्ही याच फेऱ्या केल्या. तिथं नळ संध्याकाळी येत होता, बादली पंचेचाळीस सेकंदांत भरत होती आणि मोटारी लागल्यावरही साठच्या पुढं गेली नाही. दोन तास पाणी, इमारतीत बारा माणसं, भागत होतं. रात्री गल्लीत वर्दळ कमी होती आणि एका वळणावर दिवा बंद होता. आतेभावाची बायको म्हणाली, "हे रात्री येतील तेव्हा मी गॅलरीतला दिवा चालू ठेवीन, पण पहाटे पाचला लेकीला सोडून पाण्याला धावणं मला जमणार नाही." भाडं पंधराशे जास्त होतं. किल्ली दोन मिळाल्या. वळणावरच्या दिव्याबद्दल मालकांनीच महापालिकेत तक्रार लिहून दिली, आणि आतेभाऊ दुसऱ्या पाळीच्या पहिल्या रात्री घरी पोचला तेव्हा गॅलरीतला दिवा चालू होता.