नाईट ड्युटीतली साखर: वहीतला एक आठवडा

ज्या नर्सना मधुमेहाचे निदान नुकतेच झाले आहे आणि रोस्टरवर लवकरच सलग नाईट लागणार आहेत, त्यांच्यासाठी मी माझ्या वहीतला एक आठवडा येथे उतरवत आहे. साखर ७० च्या खाली गेली की काय करायचे, जेवणानंतरची साखर दोन तासांनी का बघतात, एचबीएवनसी कशासाठी असते, हे आपल्यापैकी कोणालाही समजावण्याची गरज नाही. अडचण असते ती स्वतःची वही भरताना, कारण छापील वहीतले रकाने दिवसा जागणाऱ्या आणि रात्री झोपणाऱ्या माणसासाठी आखलेले असतात.

माझा मधुमेह टाइप दोनचा आहे. त्या आठवड्याच्या सुरुवातीला मी मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याबरोबर घेत होते. ड्युटी रात्री ८ ते सकाळी ८, मेडिसिन वॉर्ड. थकवा मी १ ते ५ अंकांत लिहिते, आणि तो रोज पहाटे ४ वाजता, सॅम्पल काढायला उठण्याआधी लिहिते.

सोमवार. आदल्या रात्री घरी झोपले होते, त्यामुळे सकाळी ६.३० ची साखर खऱ्या अर्थाने उपाशीपोटीची होती: ११८. संध्याकाळी ७ वाजता दोन भाकऱ्या, पिठले आणि कांदा असे जेवण केले. ९ वाजता १५६. रात्री २.३० ला डबा उघडला. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, शिवाय सोबतच्या सिस्टरने वाढलेला भात. पहाटे ४.३० ला साखर २२१. थकवा ३.

हा आकडा पाहून घाबरू नका, पण त्याचे कारण मात्र नीट समजून घ्या. रात्री शरीरात मेलाटोनिन चढलेले असते, त्या वेळी स्वादुपिंडातून इन्सुलिन हात आखडूनच सुटते, आणि तेच जेवण संध्याकाळी जितकी साखर चढवते त्यापेक्षा जास्त रात्री चढवते. डब्यातले प्रमाण कमी करणे आणि पोटभर जेवण दिवसाच्या उजेडात उरकणे, हा उपाय मला गोळी वाढवण्यापेक्षा आधी करण्यासारखा वाटतो.

मंगळवार. सकाळी ८.२० ला साखर १६४. मी ती वहीत ‘उपाशीपोटी’ या रकान्यात लिहिली, कारण सकाळ होती, नाश्ता झाला नव्हता आणि दुसरा रकानाच नव्हता. कॅन्टीनचे पोहे आणि गोळी घेऊन ९.४५ ला झोपले, २.३० ला उठले. साखर ९४.

त्याच रात्री एक आकडा २३३ आला होता. दहा मिनिटांपूर्वी मी एका आजीबाईंना मोसंबे सोलून दिले होते आणि हाताला फक्त सॅनिटायझर लावला होता. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा टोचले तेव्हा १६९ आले. फळाची साखर बोटावर राहते आणि सॅनिटायझरने ती पुरती जात नाही. हे आपण रुग्णांना सांगतो. ड्युटीवर घाईघाईत स्वतःची साखर बघताना मात्र सॅनिटायझरवर भागवले जाते. वॉर्डातला ग्लुकोमीटर स्वतःसाठी वापरण्याच्याही मी विरोधात आहे: स्ट्रिप रुग्णांच्या असतात आणि तुमचे आकडे यंत्राच्या मेमरीत इतरांच्या आकड्यांत मिसळून जातात.

बुधवार. आठवड्यातला सर्वांत वाईट दिवस. सकाळी ८.१५ ची साखर १७१, पुन्हा ‘उपाशीपोटी’ रकान्यात. भूक नव्हती, म्हणून बिनसाखरेचा चहा आणि गोळी एवढेच घेऊन ९.३० ला पडले. दुपारी १.१० ला घामाने उशी भिजलेली होती, छातीत धडधड होत होती आणि खोलीतला पंखा चालू आहे की बंद हे कळायला वेळ लागला. साखर ६२. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी ८१ झाली, मग दूध-पोळी खाल्ली.

आता थोडे विस्ताराने लिहिते, कारण नव्या नर्सला सर्वांत जास्त धोका येथे आहे. ग्लिमेपिराइड दिवसातल्या पहिल्या मुख्य जेवणाबरोबर घ्यायचे असते. प्रिस्क्रिप्शनवर ‘सकाळी’ असे लिहिलेले असते, कारण बहुतेकांचे पहिले मुख्य जेवण सकाळी असते. नाईट करणाऱ्या बाईची सकाळ म्हणजे तिची रात्र. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी तिचे रक्तातले प्रमाण सर्वाधिक होते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण रिकाम्या पोटी गाढ झोपलेल्या असतो. जागेपणी हात थरथरले की लगेच कळते, झोपेत ते कळेलच असे नाही. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फारच कमी असतो. ग्लिमेपिराइडच्या जातीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र हे गांभीर्याने घ्यावे. होस्टेलवर राहत असाल तर खोलीतल्या मैत्रिणीला मधुमेहाची कल्पना द्या. ही लपवण्याची गोष्ट नाही.

दुसरा अर्धा भाग त्या रकान्याचा आहे. त्याच दुपारी मी माझ्या फिजिशियनना फोन केला आणि वहीच्या पानांचे फोटो पाठवले. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, उपाशीपोटी १६४ आणि १७१ एवढेच वाचले असते तर मी गोळी २ मिलिग्रॅम केली असती.” उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पोटात अन्न नाही. माझ्या सकाळच्या आकड्याआधी सहा तासही झालेले नव्हते, रात्रभर जागरण होते, आणि पहाटेच्या हार्मोन्समुळे यकृत साखर सोडत असते ते वेगळेच. म्हणजे चुकीच्या नावाखाली लिहिलेल्या बरोबर आकड्यावरून गोळी दुप्पट झाली असती आणि दुपारी १.१० ची ६२ आणखी खाली गेली असती. ग्लुकोमीटर बरोबर होता, डॉक्टर बरोबर होते, धोका होता तो रकान्यावरच्या शब्दात.

म्हणून बुधवारी संध्याकाळी वहीचे नवे पान आखले. घड्याळाची वेळ, शेवटचे खाऊन किती तास झाले, मागची झोप किती तास, आकडा, थकवा. ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणानंतर’ हे शब्दच काढून टाकले. ‘सकाळी ८.२०, खाऊन ६ तास, झोप नाही, १६४’ अशी ओळ वाचल्यावर कोणत्याही डॉक्टरांचा गैरसमज होत नाही.

गुरुवार. डॉक्टरांच्या सांगण्यावरून ग्लिमेपिराइड उठल्यानंतरच्या जेवणाबरोबर आले. (हा बदल माझ्या औषधांपुरता आहे. वाचून स्वतःच्या गोळ्यांच्या वेळा हलवू नका, फोन करून विचारा.) ४.३० ला पूर्ण जेवण: भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर, थोडा भात. रात्री १२.३० ला मुगाची दोन धिरडी आणि दही, २.३० ला साखर १५४. पहाटेचा थकवा मात्र ४, कारण बुधवारच्या प्रकारानंतर दुपारी झोप लागलीच नव्हती.

थकव्याच्या रकान्यातून मला मिळालेली शिकवण हीच आहे. सोमवारी २२१ ला थकवा ३ होता आणि गुरुवारी चांगल्या आकड्यावर ४. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि डोळे मिटतातच, साखर काहीही असो. त्यामुळे थकव्यावरून साखरेचा अंदाज बांधू नये. माझ्या एका ज्येष्ठ सिस्टर, ज्यांनी मला सलाइन लावायला शिकवले आणि ज्यांच्याबद्दल मनात फार आदर आहे, त्या म्हणतात की अंग गळाले की गोड चहा घ्यावा. हा सल्ला मला मान्य नाही. आधी टोचून बघावे. १८० असताना घेतलेला गोड चहा सकाळचा आकडा बिघडवतो आणि झोप तर भरून निघत नाहीच. रात्रभर काहीच न खाण्याचा दुसरा लोकप्रिय सल्ला तर साखर पाडणारी गोळी चालू असताना धोक्याचा आहे.

शुक्रवार. रात्री ११.४० ला सर्पदंशाचा रुग्ण आला. प्रतिविषाचे सलाइन सुरू झाले की पहिला तासभर खाटेपासून हलता येत नाही. पुरळ, धाप, रक्तदाब सारखे बघावे लागते. डबा ३.४० पर्यंत बंद राहिला. बोटे थंड पडली तेव्हा साखर पाहिली, ७६. याला कमी म्हणत नाहीत, पण जेवायला किती वेळ लागेल हे माहीत नव्हते, म्हणून खिशातल्या पुडीतली ग्लुकोज पावडर पाण्यात घेतली. खिशात शेंगदाण्याची चिक्की ठेवणाऱ्या मुली मी पाहते. एरवी चिक्की चांगली, पण शेंगदाण्यातल्या तेलामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो आणि अशा वेळी उशीरच नको असतो. डबा खाऊन दोन तासांनी १८९. थकवा ५.

एका वाईट रात्रीने आठवडा वाया गेला असे समजू नका. शनिवारी रात्री पुन्हा वेळेवर १२.३० ला खाता आले, २.३० ला १४९, थकवा ३. त्याआधी शनिवारी सकाळी घरी येऊन वाटीभर उपमा आणि मेटफॉर्मिन, ९.१५ ला झोप, दुपारी ४ वाजता उठल्यावर साखर ११२. ही ओळ पाहून माझी भीती बरीच ओसरली. तरीही ती उपाशीपोटीची नव्हे, कारण खाऊन सातच तास झाले होते.

रविवार, नाईट ऑफ. दुपारी १२ लाच उठले, म्हणजे रात्री सगळ्यांबरोबर झोप लागेल. या दिवशी जेवण कधी आणि गोळी कधी, याचा घोळ हमखास होतो, कारण शरीर अजून नाईटमध्ये असते आणि घर दिवसपाळीत. मी डॉक्टरांना हे आधीच विचारून ठेवले होते: गोळी त्या दिवशीही उठल्यानंतरच्या जेवणाबरोबरच, आणि उद्या सकाळी एकदम नाश्त्यावर न आणता दुपारच्या जेवणाबरोबर.

सोमवारी नवी पाने घेऊन त्यांना भेटले. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमच राहिले. एचबीएवनसीचे रक्त त्याच दिवशी दिले, त्याला उपाशी राहावे लागत नाही. उपाशीपोटीची तपासणी दिवसपाळी लागल्यावर, निदान तीन-चार रात्री घरी झोपून झाल्या की करायची आणि तोवर १६४ व १७१ या दोन आकड्यांवर लाल रेघ मारून शेजारी ‘खाऊन ६ तास, जागरण’ असे लिहून ठेवायचे ठरले.