दोन दगड, एक तार आणि दरवर्षीच्या त्याच चुका

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. लाटांचा धडा आला की मला आधीच कळतं कोण कुठे घसरणार. वर्षं बदलतात, मुलं बदलतात, चुका मात्र त्याच.

सगळ्यांत लाडकी चूक दोन दगडांची. पुस्तकात चित्र असतं: पाण्यात दोन ठिकाणांहून गोल लाटा निघाल्यात, एकमेकींत मिसळल्यात आणि मधे शांत पाण्याच्या वाकड्या रेषा उमटल्यात. मुलांना वाटतं, दोन दगड टाकले की झालं. मलाही तसंच वाटायचं. शिकवायला लागलो त्याच वर्षी सात मुलांना घेऊन पादऱ्याच्या बाजूच्या एका तळ्यावर गेलो. सकाळची वेळ, वारा नाही, पाणी काचेसारखं. दोघांनी एकदम दगड टाकायचे आणि बाकीच्यांनी शांत रेषा शोधायच्या, असं ठरलं. तीसेक जोड्या टाकल्या असतील. कुणालाही एक रेषा दिसली नाही. शेवटी एका मुलाने विचारलं, "सर, चित्र खोटं आहे का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि घरी येऊन डोकं धरून बसलो.

चित्र खरं होतं, दगड चुकीचे होते. दगड पडल्यावर लाटांची एक छोटी टोळी निघते, आठ-दहा कडी असतील, आणि पुढे सरकून जाते. दुसऱ्या दगडाची टोळी तिला क्षणभर भेटते. त्या क्षणी दोन्हींची उंची प्रत्येक बिंदूवर खरोखर बेरीज-वजाबाकीने मिळते, पण पॅटर्न स्थिरावायला पुढच्या लाटा यायला हव्यात, आणि त्या नसतातच. शिवाय एक दगड मोठा, दुसरा लहान, दोघांची वेळ जराशी चुकलेली. शांत रेषा टिकायला दोन्ही ठिकाणांहून एकाच वारंवारतेच्या लाटा अखंड निघाव्या लागतात आणि त्यांच्यातला मागे-पुढेपणा बदलता कामा नये. दगडांनी एक गोष्ट मात्र झकास दिसते: दोन्ही कडी एकमेकांतून आरपार जातात आणि पलीकडे जशीच्या तशी निघतात. तळ्यावर तेवढंच दाखवावं आणि घरी यावं.

आता मी पाणी घरीच आणतो. चौकोनी ट्रेमध्ये दोन बोटं पाणी. टेबलाच्या कडेला करवतीचं जुनं पातं पुस्तकांखाली दाबून बसवायचं आणि मोकळ्या टोकाला घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली तार बांधायची, तिची दोन्ही टोकं सहा सेंटिमीटर अंतरावर पाण्याला जेमतेम टेकलेली. पात्याला टिचकी मारली की दोन्ही टोकं एकाच तालात बुडतात, कारण पातं एकच आहे. पात्याची लांबी बदलून सेकंदाला साधारण 10 हेलकावे मिळवले, तर लाटेची लांबी सुमारे 2.4 सेंटिमीटर येते. आता एका टोकापासून 12 आणि दुसऱ्यापासून 13.2 सेंटिमीटर अंतरावरचा बिंदू घ्या. फरक 1.2, म्हणजे अर्धी तरंगलांबी. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खळगा एकाच वेळी पोहोचतात, पाणी जवळजवळ स्तब्ध. फरक 2.4 असेल तिथे पाणी सगळ्यांत जास्त उसळतं. दिवा बाजूने धरला की रेषा दिसतात. पातं काही सेकंदांत थंडावतं, मग पुन्हा टिचकी. कंटाळा येणाऱ्यांनी यावंच कशाला.

ट्रेच्या कडांना स्पंजच्या पट्ट्या लावा. हे मी मुद्दाम बजावतो, कारण कडेवरून परतलेल्या लाटा सगळं चित्र नासवतात. पहिला प्रयोग झाला की समोरच्या कडेचा स्पंज काढा आणि तारेऐवजी एक सरळ पट्टी हलवा. जाणारी लाट आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळतात, आणि कडेजवळ पाणी पुढे न सरकता जागच्या जागी वर-खाली होताना दिसतं. हीच स्थिर लाट. मुलं व्यतिकरण, म्हणजे दोन लाटांचं असं मिसळणं, आणि स्थिर तरंग असे दोन वेगळे धडे पाठ करतात. इथे दुसरा उगम म्हणजे परतलेली तीच लाट, एवढंच.

यावरून गिटार. माझी दुसरी लाडकी चूक तिथे आहे, आणि ती मी पूर्ण वर्गासमोर केली आहे. ए ची मोकळी तार सेकंदाला 110 वेळा थरथरते. बाराव्या फ्रेटवर, म्हणजे तारेच्या बरोबर मध्यावर, बोट हलकेच टेकवून तार छेडली की 220 चा स्वच्छ घंटेसारखा स्वर येतो. तार दोन भागांत थरथरते आणि बोटाखालचा बिंदू निस्पंद असतो, म्हणजे तिथे तार हलतच नाही. त्या दिवशी मुलांना तारेचं मोठं कंपन दिसावं म्हणून मी तार मध्यावरच जोरात छेडली आणि मग तिथेच बोट टेकवलं. आवाज मेला. तार जुनी झाली म्हणत नवी चढवली. तीही मेली. एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "सर, मी करून बघू?" तिने पुलाजवळ, म्हणजे गिटारच्या पोटावर तार जिथे संपते तिथे, छेडलं, बोट मध्यावर टेकवलं, आणि स्वर खणखणीत आला.

तार जिथे छेडता, तिथे ज्या कंपनाचा निस्पंद असतो ते कंपन उठतच नाही. मध्यावर छेडली की दोन, चार, सहा भागांची कंपनं गैरहजर. उरतात एक, तीन, पाच भागांची, आणि त्या सगळ्यांचा मध्यावर प्रस्पंद असतो, म्हणजे तिथे तार सर्वांत जास्त हलते. मग मध्यावर बोट ठेवलं की सगळीच विझतात. छेडायचं पुलाजवळ. बोट दाबायचं नाही, टेकवायचं, तेही फ्रेटच्या धातूच्या दांडीवर, दोन दांड्यांमधल्या लाकडावर नाही. सातव्यावर 330 आणि पाचव्यावर 440 मिळतं, फक्त तिथे बोट दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी स्वर फुसका होतो.

परीक्षेतली एक चूक. तार 65 सेंटिमीटर, वारंवारता 110, तरंगलांबी काढा. निम्मा वर्ग आवाजाचा हवेतला वेग घेऊन 3.1 मीटर लिहितो. ती हवेतल्या आवाजाची लांबी झाली. तारेवरची लाट तारेच्या दुप्पट, 1.3 मीटर, आणि तिचा वेग 143 मीटर प्रति सेकंद. दोन्हीकडे सारखी राहते ती फक्त वारंवारता.

लागून असलेल्या दोन निस्पंदांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी. पूर्ण नाही. अर्धी.

शांत रेषेवर ऊर्जा नष्ट होत नाही. ती उसळणाऱ्या जागी गेलेली असते.

आणि तो मोबाइलचा व्हिडिओ. फोन गिटारच्या पोटात घालून काढलेला, तारा सापासारख्या वळवळताना दिसतात. दरवर्षी कुणीतरी मला तो "स्थिर लाटेचा पुरावा" म्हणून दाखवतो. फोनचा कॅमेरा पूर्ण चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ टिपतो, आणि तेवढ्यात तार हललेली असते. म्हणून ती वळणं. खात्री करायची तर फोन नव्वद अंशांत फिरवून पुन्हा शूट करा, त्याच तारेचा आकार बदलेल. गेल्या वर्षी एकाशी शेव-उसळीची पैज लागली होती. त्याने फोन फिरवला, गप्प बसला आणि जाताना म्हणाला, उद्या आणतो. अजून आणलेली नाही.