इम्पल्स टेस्टमध्ये करंटचा ग्राफ आधी बघा

३३ केव्ही ट्रान्सफॉर्मरला १७० केव्हीची फुल वेव्ह देताना आधी साधारण ६०% व्होल्टेजची वेव्ह देऊन न्यूट्रल करंट रेकॉर्ड करून ठेवा, मग दोन्ही ग्राफ एकाच स्केलला आणून एकमेकांवर ठेवा, ते जुळायलाच हवेत. दोन-चार टर्न शॉर्ट झाले तर व्होल्टेजच्या ग्राफमध्ये फारसं कळत नाही, करंट मात्र मधूनच वेगळा जातो. व्होल्टेज एकदम कोसळलं तर बहुतेक अर्थकडे फ्लॅशओव्हर.

चॉप्ड वेव्हमध्ये चॉप व्हायची वेळ थोडी जरी बदलली तरी पुढचा ग्राफ बदलतो, त्यामुळे तेवढ्यावरून वाइंडिंग फेल म्हणू नका, नंतरच्या फुल वेव्ह पहिल्या रेकॉर्डशी जुळवून मगच ठरवा.