२०१६अ नेमके कोणते? संदर्भसूची दुरुस्त करतानाचा माझा अनुभव

लातूर जिल्ह्यातील विहिरींवरील माझ्या प्रबंधात एकाच लेखकाचे २०१६ मधील तीन लेख होते. ते वेगळे ओळखता यावेत म्हणून वर्षापुढे अक्षर जोडतात; मजकुरात जो आधी आला त्याला अ, मग ब, मग क, अशी अक्षरे मी देत गेलो. त्यामुळे 'पाणी'ने सुरू होणारा लेख अ, 'कोरडवाहू'चा ब आणि 'दुष्काळ'चा क झाला. सूची मात्र शीर्षकांच्या वर्णानुक्रमाने लावायची असल्याने तिथे ब, क, अ असा उलटसुलट क्रम दिसू लागला, आणि मार्गदर्शक मॅडमनी नेमके त्यावरच बोट ठेवले.

अक्षर सूचीतील स्थानावरून ठरते, मजकुरातील उल्लेखावरून नव्हे. म्हणून कोरडवाहू अ, दुष्काळ ब आणि पाणी क हे निश्चित केले. पण मजकुरात थेट 'अ'च्या जागी 'क' घातला असता, तर पाणी आणि दुष्काळ हे दोन्ही लेख 'क' होऊन कायमचे मिसळले असते. त्यामुळे आधी तिन्हींना २०१६#१, २०१६#२, २०१६#३ अशा तात्पुरत्या खुणा दिल्या आणि नंतरच नवी अक्षरे घातली. '(२०१६अ, ब)' अशा जोडउल्लेखांतील सुटा 'ब' मात्र '२०१६ब' शोधून सापडत नाही. असे चार उल्लेख मला छापील प्रतीवर पेन्सिल घेऊनच शोधावे लागले.

याच लेखकाचा सहलेखकासोबतचा २०१६ चा लेखही होता. लेखकांची नावे तंतोतंत तीच नसल्यामुळे त्याला अक्षर लागत नाही, म्हणून मी आधी दिलेला 'ड' काढून टाकला.