बाथरूममधला ड्रायर आणि पडणारा आरसीसीबी : या चुका टाळा

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत माझ्या मावसबहिणीचा फ्लॅट आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या घरातली वीज रोज सकाळी साडेआठच्या सुमारास जाऊ लागली, शेजाऱ्यांकडे मात्र दिवे चालू असत. भाची न्हाऊन झाल्यावर बेसिनशेजारच्या सॉकेटमध्ये हेअर ड्रायर लावून भिंतीवरचा स्विच दाबायची आणि त्याच क्षणी आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, पडायचा. ड्रायर खराब असेल म्हणून नवा आणला, तरी तेच. शेवटी बोलावलेल्या वायरमनने ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीच्या जागी १०० मिलिअँपिअरचा बसवण्याचा सल्ला दिला.

पहिली चूक हीच. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांची तुलना करतो आणि दोन्हींत ठरावीक फरक दिसला, म्हणजेच काही करंट दुसऱ्या वाटेने जमिनीकडे गेला, की पुरवठा तोडतो. माणसाच्या संरक्षणासाठी हा फरक ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त धरत नाहीत. १०० चा बसवला असता तर रोजची कटकट थांबली असती, गळती मात्र तशीच राहिली असती. जास्त भार आला की पडणाऱ्या एमसीबीवर भिस्त ठेवणेही व्यर्थ आहे, कारण तो अनेक अँपिअरवर पडतो आणि जीव घ्यायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी करंट पुरतो.

दोष नेमका कुठे आहे हे शोधायला फार वेळ लागला नाही. तोच ड्रायर बेडरूममध्ये, त्याच आरसीसीबीवरच्या सॉकेटमध्ये लावला, तर व्यवस्थित चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर, बाथरूमच्या सॉकेटमध्ये काहीही न लावता नुसता स्विच कोरड्या हाताने चालू केला, तर आरसीसीबी पडला. दुपारी सगळे वाळल्यावर तोच स्विच चालू राहिला. स्विच बंद असताना फेज सॉकेटपर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे गळती सॉकेटमध्येच आहे आणि तिचे कारण ओल आहे हे यावरून कळले. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, तेव्हा पितळी स्क्रूंवर हिरवट थर आणि पेटीच्या तळाशी साबणाचा ओलसर चिकटा होता.

सॉकेट बदलून भागले नसते, कारण त्याची जागाच चुकली होती. ट्रे नसलेल्या शॉवरसाठी आंतरराष्ट्रीय नियमावली पाण्याच्या तोंडापासून आडवे १.२ मीटर आणि जमिनीपासून २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग ओला धरते, आणि तिथे साधे सॉकेट चालत नाही. बहिणीचे बाथरूम पाच बाय सात फुटांचे, म्हणजे सुमारे दीड बाय दोन मीटरचे; त्यात शॉवर भिंतीच्या मध्यावर. बादलीने अंघोळ करताना पाणी कुठवर उडते ते वेगळेच. म्हणून तिथले कनेक्शन काढून पेटीवर कोरी प्लेट लावली आणि सॉकेट बाहेरच्या पॅसेजमध्ये, आरशाजवळ नेले. ते इतके लांब ठेवले की ड्रायरची वायर पूर्ण ताणली तरी बादलीपर्यंत पोहोचू नये. बाहेर नेलेले सॉकेट दाराला चिकटून ठेवले, तर हा हेतू फसतो.

आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहणे ही दुसरी मोठी चूक. चालू ड्रायर प्लास्टिकच्या बादलीत पडला, तर करंट पाण्यातून फेजकडून न्यूट्रलकडे परत जातो. गेलेला आणि आलेला सारखाच असल्याने आरसीसीबी पडेलच असे नाही. ड्रायर काढायला हात घातला की मात्र करंटला शरीरातून जमिनीकडे वाट मिळते, आणि मग तो पडतो. म्हणजे तो झटका बसूच देत नाही असे नव्हे, झटक्याचा काळ अत्यल्प करतो. अशा वेळी आधी मेन स्विच बंद करावा. ड्रायरचे स्वतःचे बटण बंद असणेही पुरेसे नाही : दोन पिनांचा प्लग उलटा बसला, तर ते बटण न्यूट्रल तोडते आणि फेज आत जिवंत राहते. वापर झाला की प्लग काढावा.

इलेक्ट्रिक टूथब्रशच्या चार्जरचे स्टँड सहसा सीलबंद असते, पण त्याच्या प्लगला ते संरक्षण नसते, म्हणून चार्जर कायमचा बेसिनवर ठेवू नये. रिचार्जेबल शेव्हर बाहेर चार्ज करून आत आणावा. काही हॉटेलांत आरशाजवळ ‘फक्त शेव्हरसाठी’ असे सॉकेट दिसते. त्यामागे सॉकेटला मुख्य पुरवठ्यापासून विलग करणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो जेमतेम वीस ते पन्नास वॅटच्या भाराचा असल्याने तिथे हजार वॅटचा ड्रायर लावू नये.

आरसीसीबीवरचे ‘T’ बटण महिन्यातून एकदा वीज चालू असताना दाबावे. तो पडला नाही, तर लगेच बदलावा. पडला, तर यंत्रणा हलते एवढेच कळते. गिझरचे अर्थिंग जागेवर आहे की नाही, हे ते बटण सांगत नाही, आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मीटरने वेगळे तपासून घ्यावे लागते.