π ची किंमत ३.२५ का येते? घरी वर्तुळ मोजताना या चुका टाळा

सातवीच्या प्रयोगवहीत एक नोंद हटकून सापडते. वस्तू: डब्याचं झाकण. परीघ ३७.७ सेंमी, व्यास ११.६ सेंमी, भागाकार ३.२५. खाली शेरा: "उत्तर ३.१४ च्या जवळपास आले." हे जवळपास नाही. बारा सेंटिमीटरचं झाकण आणि मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी हाताशी असेल, तर उत्तर ३.१० ते ३.१८ च्या आत यायलाच हवं. ३.२५ आलं म्हणजे एक मोठी चूक झाली आहे. ती शोधता येते, कारण प्रत्येक चूक उत्तराला एका ठरावीक बाजूला ढकलते. उत्तर जास्त आलं तर परीघ जास्त मोजला गेला किंवा व्यास कमी. उत्तर कमी आलं तर उलट.

या नोंदीत गोंधळ व्यासाचा आहे. मुलं झाकणावर पट्टी ठेवतात, नजरेनं मध्य ठरवतात आणि आकडा लिहून मोकळी होतात. पट्टी मध्यातून गेली नाही तर मोजली जाते ती जीवा, आणि मध्यातून न जाणारी प्रत्येक जीवा व्यासाहून लहानच असते. म्हणजे ही चूक व्यास कधीच वाढवत नाही, नेहमी कमीच करते. झाकणाचा खरा व्यास १२ सेंमी. पट्टी मध्यापासून दीड सेंटिमीटर सरकली की जीवा भरते ११.६. परीघ बरोबर असूनही उत्तर ३.२५.

मध्य शोधत बसूच नका. पट्टीचा शून्य झाकणाच्या कडेवर एका जागी बोटानं दाबून धरा आणि दुसरं टोक समोरच्या कडेवरून हळूहळू फिरवा. आकडा वाढत जातो, थांबतो, मग उतरायला लागतो. जिथे थांबला तो व्यास. इथे एक सोय आहे: मध्यापासून तीन मिलिमीटर चुकलं तरी १२ सेंटिमीटरच्या झाकणात फरक मिलिमीटरच्या पाचव्या भागाहून कमी पडतो, पट्टीवर तो दिसतही नाही. दुसरी पद्धत कंपासपेटीतल्या दोन गुण्यांची. टेबलावर पट्टी ठेवा, तिच्या कडेला दोन्ही गुण्ये काटकोनात टेकवा आणि झाकण त्यांच्या मध्ये अलगद पकडा. गुण्यांमधलं अंतर म्हणजे व्यास. दोन्ही पद्धतींनी मोजावं. आकडे एक मिलिमीटरहून जास्त वेगळे आले तर पुढे जाऊ नये. घाई करणारी मुलं नेमकी ही पायरी गाळतात आणि मग परीघ तीन-तीनदा मोजत बसतात.

आता दुसरी लाडकी चूक: दोरा. लोकर ताणली जाते. झाकणाभोवती सैल गुंडाळलेली लोकर पट्टीवर ओढून धरली की ३७.७ चे सहज ३९ होतात, आणि ३९ भागिले १२ पुन्हा ३.२५! दोन अगदी वेगळ्या चुका, उत्तर एकच. म्हणून नुसता भागाकार पाहून दोष कुठे आहे ते ठरवू नका, व्यास आणि परीघ दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं तपासा.

सुतळी ताणली जात नाही, पण ती जाड असते. दोन मिलिमीटर जाडीची सुतळी झाकणाभोवती गुंडाळली की तिचा मधला भाग १२ नव्हे, १२.२ सेंमी व्यासाच्या वर्तुळावरून जातो. परीघ ३८.३ भरतो, उत्तर ३.१९. हीच सुतळी सहा सेंमी व्यासाच्या बाटलीला गुंडाळली तर ३.२५ ला पोचते. वस्तू जितकी लहान तितका जाडीचा फटका मोठा.

म्हणून दोराच नको. जुन्या कॅलेंडरच्या पानाची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. तो कागद ताणला जात नाही आणि पातळही असतो. झाकणाच्या कडेभोवती ती घट्ट गुंडाळा, टोकं एकमेकांवर येऊ द्या आणि जिथे दोन थर आहेत तिथे टाचणीनं आरपार भोक पाडा. कागद उलगडून दोन भोकांमधलं अंतर मोजा. ते ३० सेंटिमीटरहून जास्त असेल तर ३० वर बारीक पेन्सिलीनं खूण करून पुढे मोजा.

उत्तर तीनपेक्षाही कमी आलं तर आधी वस्तूकडे पाहा. बहुतेक वेळा ती स्टीलचा पेला असते. पेला वर रुंद, खाली अरुंद. व्यास तोंडाशी मोजला ७.५ सेंमी, पण कागद गुंडाळला मधोमध, जिथे व्यास ७ आहे. परीघ २२ आला आणि उत्तर २.९३. काठ बाहेर वळलेल्या डब्याचंही तेच होतं. व्यास आणि परीघ एकाच जागेचे हवेत. बांगडीत याच्या उलट घडतं: व्यास आतून घेतला आणि कागद बाहेरून गुंडाळला तर उत्तर वाढतं. तीन मिलिमीटर जाडीची, आतून सहा सेंमीची बांगडी थेट ३.४६ दाखवते.

नाणं घरंगळवायचं असेल तर एका फेरीवर थांबू नका, पाच फेऱ्या घ्या. दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे पाच फेऱ्यांत ते साधारण ४२४ मिमी जायला हवं. गुळगुळीत फरशीवर ते घसरतं आणि अंतर वाढतं. वहीच्या कागदावर, पट्टीच्या कडेला धरून चालवा. वाकडं गेलं तर सुरुवात आणि शेवट यांमधलं सरळ अंतर कमी भरतं.

बऱ्याच पट्ट्यांचा शून्य टोकावर नसतो, थोडा आत असतो, तेही बघून घ्या.

सगळ्यात वाईट चूक मोजण्याची नाहीच. व्यास मोजायचा, त्याला २२/७ नं गुणून "परीघ" लिहायचा, मग परत भागायचं. तक्त्यात सगळीकडे ३.१४ येतं आणि प्रयोग झालेलाच नसतो. मोजलेल्या आकड्यांत थोडा चढउतार असतोच, तो तसाच लिहा. २२/७ हीसुद्धा π ची नेमकी किंमत नाही, ती खऱ्या किमतीहून किंचित जास्त आहे. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्यालाही "आसन्न", म्हणजे जवळचा, असंच म्हटलं.

शेवटी सरासरी. नाण्याचा व्यास एक मिलिमीटर कमी वाचून २६ मिमी लिहिला आणि परीघ ८५ मिमी, तर उत्तर ३.२७. झाकण १२० आणि ३७८: ३.१५. ताट २८० आणि ८८०: ३.१४. तिन्ही उत्तरांची सरासरी ३.१९ येते, कारण नाण्याच्या एका मिलिमीटरला ताटाइतकाच मान मिळाला. त्याऐवजी सगळे परीघ एकत्र मिळवा, १३४३. सगळे व्यास मिळवा, ४२६. भागाकार ३.१५. दोन दशांश स्थळांवर थांबा. कॅल्क्युलेटरवरचे पुढचे आकडे पट्टीनं मोजलेले नाहीत.